चहा, सावकार आणि चार सेकंद: फेस्टिव्हलसाठी मराठी फिल्मला इंग्रजी सबटायटल बसवताना

"सबटायटल तेवढं बघून घे की, तुझं इंग्रजी बरं आहे." बेळगावात फिल्म करणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एकाला हे वाक्य ऐकावं लागतं. आमच्यात ते माझ्या वाट्याला आलं. फिल्म 22 मिनिटांची होती. वडगावातलं एक घर, त्यात खडखडणारे दोन यंत्रमाग, एक आई, तिचा धाकटा मुलगा आणि सूत देऊन साड्या उचलणारा सावकार. एंट्रीची मुदत आठ दिवसांवर होती. दोन संध्याकाळी बसलो की होईल, असं मी धरून चाललो होतो. सहा गेल्या, आणि त्यातली इंग्रजीवर खर्च झालेली जेमतेम दीड असेल. बाकीचा वेळ गेला घड्याळाशी भांडण्यात.

खालचं सगळं त्या फिल्मवर आणि नंतरच्या तीन-चार कामांवर बेतलेलं आहे. पहिल्यांदाच हे काम अंगावर आलेल्या माणसासाठी लिहितोय. चोर्ला घाट उतरून पणजीच्या इफ्फीला जायचं असो, बंगळुरूला किंवा पुण्याला जायचं असो, मराठी न कळणाऱ्या निवड समितीसमोर फिल्म इंग्रजी सबटायटलवरच उभी राहते. इफ्फीच्या इंडियन पॅनोरमा विभागाला तर इंग्रजी सबटायटल नियमानंच लागतं.

एडिट लॉक होईपर्यंत हात लावू नका

दिग्दर्शक म्हणतो, "जवळपास लॉक आहे, तू सुरू कर." सुरू करू नका. मधल्या एका शॉटमधून बारा फ्रेम काढल्या तरी त्यापुढची सगळी सबटायटल्स अर्धा सेकंद उशिरा येतात, आणि तुम्ही लावलेली प्रत्येक वेळ पुन्हा तपासावी लागते. लॉक झालेली फाइल हातात आली की एडिटरला दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून ठेवा. फिल्म सेकंदाला किती फ्रेमची आहे: 24, 25 की 23.976? आणि फाइलचा शून्य कुठे आहे: पहिल्या चित्रावर, की त्याआधी काउंटडाउन किंवा काळी पट्टी जोडली आहे? आज हे प्रश्न किरकोळ वाटतील. शेवटी सगळं अडतं ते इथेच.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालायची गरज नाही. विंडोजवर Subtitle Edit फुकट मिळतं, आणि आवाजाची लहर डोळ्यांसमोर दाखवतं. ती लहर नसेल तर वेळ अंदाजानं लावावी लागते, म्हणून ती चालू केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा भरा, म्हणजे चुकलात की ती ओळ आपोआप रंगते. माझे आकडे असे असतात:

```
Single line max. length: 40
Max. chars/sec: 15
Min. duration, milliseconds: 1000
Max. duration, milliseconds: 7000
Min. gap between subtitles in ms: 83
Max. number of lines: 2
```

एका ओळीत 42 अक्षरं बहुतेक ठिकाणी चालतात. मी 40 वर थांबतो, कारण मोठ्या पडद्यावर लांब ओळ वाचायची म्हणजे नजर डावीकडून उजवीकडे पळवावी लागते, आणि तेवढ्यात नटाचा चेहरा सुटतो. स्पेस आणि विरामचिन्हंही मोजणीत येतात. दोन सबटायटल्समधले 83 मिलिसेकंद म्हणजे 24 च्या हिशेबानं दोन फ्रेम. ती फट ठेवली नाही तर एक मजकूर जाऊन दुसरा आला हे डोळ्याला कळतच नाही.

वाचनाचा वेग सेकंदाला 15 अक्षरं का? काही ओटीटी कंपन्या इंग्रजीत 20 पर्यंत जाऊ देतात. पण घरी बसलेला प्रेक्षक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, थिएटरात ती सोय नाही. शिवाय फेस्टिव्हलच्या खुर्चीत बसलेल्या पुष्कळांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असते. भरलेल्या दोन ओळींना सहा सेकंद हा जुन्या लोकांचा नियम होता. त्या हिशेबानं सेकंदाला बारा-तेरा अक्षरंच होतात. मी 15 धरतो, अगदी नाइलाज झाला तर 17, आणि त्यापुढे गेलो की वाक्य छाटतो.

स्क्रिप्टवरून नव्हे, कानावरून

स्क्रिप्ट हाताशी ठेवा, पण तिच्यावरून भाषांतर करू नका. आमच्या स्क्रिप्टमध्ये आईचं वाक्य होतं, "थोडं थांब, चहा पिऊन जा." कॅमेऱ्यासमोर त्या बाईंनी आपल्या घरात बोलतात तसं बोलून टाकलं, आणि फिल्ममध्ये ते लांबलचक वाक्यच राहिलं. चांगलंच झालं, पण सबटायटल त्या वाक्याचं करायचं असतं. म्हणून हेडफोन लावून एकदा पूर्ण फिल्म ऐका आणि प्रत्येक जण खरोखर काय बोलतोय ते मराठीतच उतरवून काढा. मागाच्या खडखडाटात बुडलेली वाक्यं साउंडवाल्याकडून फक्त संवादाचा ट्रॅक मागवून ऐका. तरीही लागलं नाही तर नटाला फोन करा. अंदाजानं भरू नका.

त्यानंतर वेळ लावायची, म्हणजे स्पॉटिंग. भाषांतर अजूनही नाही. हा क्रम मी ठेच लागून शिकलो. आधी सगळं इंग्रजी लिहून मग वेळ लावायला बसलात, तर आपलीच वाक्यं कापवत नाहीत. आधी रिकाम्या चौकटी लावल्या की प्रत्येक चौकटीत किती अक्षरं मावतात ते समोर दिसतं, आणि वाक्य तेवढंच सुचतं.

पहिला शब्द तोंडातून निघतो तिथे सबटायटल सुरू करा. लहरीत उंचवटा दिसतो, तिथेच. शेवट मात्र बोलणं संपल्यावर अर्ध्या सेकंदापर्यंत लांबवता येतो, पुढचा माणूस लगेच बोलत नसेल तर. हा अर्धा सेकंद म्हणजे फुकट मिळालेली सात अक्षरं. नुसतं "हं" असलं तरी ते एक सेकंद तरी राहू द्या, नाहीतर पडद्यावर काहीतरी लुकलुकलं एवढंच वाटतं. सात सेकंदांपेक्षा जास्त राहिलं तर लोक तेच पुन्हा वाचायला लागतात.

शॉट बदलतो तिथे जपा. कट झाल्यावर तोच मजकूर दोन-चार फ्रेम रेंगाळला, तर नवीन काही आलं असं समजून डोळा पुन्हा पहिल्या शब्दावर जातो. म्हणून सबटायटलचा शेवट कटच्या आसपास येत असेल तर तो कटच्या दोन फ्रेम आधी आणून बसवा. वाक्य कटच्या पलीकडेही चालूच असेल तर कटनंतर किमान अर्धा सेकंद ते राहू द्या.

27 वरून 14 वर

आता त्या आईचं वाक्य. पोरगा चप्पल घालून उंबऱ्यावर उभा आहे, आणि ती माग न थांबवता म्हणते:

"आरं, बस की जरा, चहा घे आन् मग जा. सावकार काय पळून जात न्हाईत. कालबी असाच न खाता गेलास."

लहरीवर मोजलं तर हे सगळं 4.2 सेकंदांत आटपतं. आमच्याकडची माणसं अशीच बोलतात, घाईत, श्वास न घेता. पहिला मसुदा दिग्दर्शकाच्या भावानं केला होता. तो असा:

```
41
00:03:12,480 --> 00:03:16,680
Hey, sit a while, have tea and then go, the moneylender
isn't running away, you left without eating yesterday too.
```

इंग्रजी समजण्यासारखं आहे, एकही गोष्ट सुटलेली नाही. पण वरची ओळ 55 अक्षरांची, खालची 58 ची. एकूण 113 अक्षरं आणि हाताशी 4.2 सेकंद, म्हणजे सेकंदाला जवळपास 27. सेकंदाला 15 च्या हिशेबानं 4.2 सेकंदांत 63 अक्षरं बसतात. जवळजवळ निम्मं वाक्य टाकायचं आहे.

टाकायचं काय, हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: ऐकून-बघून आपोआप काय कळतंय? "आरं" कळतं, आई पोराला हाक मारतेय हे आवाजातच आहे. "बस की जरा" बरंचसं हावभावात आहे, तिनं मानेनं पाट दाखवलाय. "मग जा" तर पोरगा उंबऱ्यावर उभा असल्यानं दिसतंच. उरतात तीन गोष्टी: चहा घे, सावकाराची घाई करू नकोस, काल उपाशी गेलास. या तिन्ही लागतात. विशेषतः तिसरी, कारण पुढे पोराला कामावर चक्कर येते.

पहिल्या छाटणीत मी चहा आणि उपाशीपण ठेवलं आणि सावकार उडवला. झाली 50 अक्षरं, वेग 12 च्या आत. आकडा सुरेख आला, पण त्या वाक्यातला टोमणा गेला. "सावकार काय पळून जात न्हाईत" यात आईचा सावकारावरचा सगळा राग आहे, आणि अजून 13 अक्षरांची जागा शिल्लक होती. शेवटी हे ठरलं:

```
41
00:03:12,480 --> 00:03:16,680
Tea first. The boss can wait.
You left hungry yesterday too.
```

ओळी 29 आणि 30 अक्षरांच्या, एकूण 59, वेग 14. "बस की" मधला तो "की" इंग्रजीत कुठेच बसत नाही, तो गेला. पण तुटक, हुकमी दोन वाक्यांत आईचा सूर थोडाफार राहतो.

"सावकार" बद्दल थोडं सांगायलाच हवं. शब्दकोश उघडलात तर व्याजानं पैसे देणारा असा अर्थ मिळेल, आणि भावाच्या मसुद्यात तोच आला होता. पण आमच्या भागात सावकार म्हणजे कोणीही पैसेवाला मालक. कन्नड बोलणारेही तो शब्द तसाच मानानं वापरतात. शब्दकोशातला अर्थ ठेवला असता तर परदेशातला प्रेक्षक पहिल्या तीन मिनिटांतच धरून चालला असता की हे घर कर्जात बुडालंय, आणि उरलेली 19 मिनिटं त्या कर्जाची वाट बघत बसला असता. फिल्ममध्ये कर्ज नाहीच.

तसंच "अण्णा". मोठ्या भावाला, दुकानदाराला, बस कंडक्टरलासुद्धा आपण अण्णा म्हणतो. रोमन लिपीत तो शब्द जसाच्या तसा लिहिला, तर इंग्रजी वाचणाऱ्याला ते सरळ बाईचं नाव वाटतं. आमच्या एका प्रसंगात पोरगा दोन बाप्यांसमोर "अण्णा, जरा ऐका की" म्हणतो. चाचणीच्या वेळी एका मुलीनं खरंच विचारलं, ती बाई फ्रेममध्ये का नाही? मग भाऊ असेल तिथे भावाचा इंग्रजी शब्द घातला आणि परक्या माणसाला नुसती हाक असेल तिथे ती काढूनच टाकली. अक्का, काका, मावशी यांना हा धोका नाही. ते पहिल्या खेपेला नात्यासकट कळले की पुढे तसेच ठेवता येतात.

ओळ कुठे तोडायची

47 अक्षरांचं वाक्य एका ओळीत मावत नाही, ते तोडावंच लागतं. सॉफ्टवेअरवर सोपवलंत तर ते लांबी बघून तोडतं, अर्थ बघत नाही.

```
My father sold the loom to a
man from Shahapur.
```

पहिली ओळ वाचून संपते तेव्हा डोळा हवेत लटकतो: कोणाला विकला? खालची मोडणी बघा.

```
My father sold the loom
to a man from Shahapur.
```

वरच्या ओळीत एक पूर्ण गोष्ट, खालच्या ओळीत दुसरी. एकत्र बोलले जाणारे शब्द एकाच ओळीत राहू द्या: नाव आणि आडनाव, विशेषण आणि त्याचं नाम, इंग्रजीतलं छोटं शब्दयोगी अव्यय आणि त्यापुढचा शब्द. ओळी समान लांबीच्या नाही झाल्या तरी चालेल. वरची ओळ आखूड, खालची लांब, ही मोडणी मला बरी वाटते, कारण चित्र थोडं कमी झाकलं जातं.

क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत आधीच फुटतं

हे कुठल्याही नियमांच्या यादीत मला सापडलं नव्हतं, आणि आमच्या फिल्मचा शेवट जवळजवळ यातच गेला असता. सतराव्या मिनिटाला आई पोराला सांगते, "ह्यो माग... तुझ्या बापानं..." मग थांबते, मागावरचा धोटा हातात घेते, आणि म्हणते, "कधीच विकलाय." मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून तो शब्द तिच्या तोंडून पडेपर्यंत पोराला आणि आपल्याला काहीच माहीत नसतं. सगळं वाक्य इंग्रजीत एकदम टाकलं की "विकला" हा शब्द तिसऱ्या-चौथ्या जागी येतो. प्रेक्षक तो वाचून मोकळा होतो आणि आई अजून धोट्याकडे बघत असते. पोराचा चेहरा पडतो तेव्हा सभागृहाला ती बातमी जुनी झालेली असते.

उपाय म्हणजे वाक्य तिच्या थांबण्यापाशीच तोडायचं, इंग्रजी जरा वाकडं झालं तरी चालेल:

```
198
00:17:41,200 --> 00:17:43,600
This loom... your father...

199
00:17:45,000 --> 00:17:46,800
He sold it long ago.
```

मधले 1.4 सेकंद पडदा रिकामा राहतो. नवख्या माणसाला ती जागा भरावीशी वाटते. भरू नका. पहिल्या सबटायटलमध्ये वेग 11 च्या जरा वर आहे, दुसऱ्यातही तसाच. म्हणजे वाचायची घाई नाही, आणि शांततेत प्रेक्षक चेहरा बघतो.

विनोदाचंही असंच. हशा ज्या शब्दाला हवा तो शब्द नटाच्या तोंडात यायच्या आधी सबटायटलमध्ये आला, तर लोक नटाच्या आधी हसतात आणि पुढचं वाक्य हशात बुडतं.

एकाच वाक्यात दोन भाषा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची फिल्म म्हटली की कोणीतरी दारात आल्यावर आई "बर्री, कूड्री" म्हणणार आणि वळून पोराला मराठीत "पाणी आण" म्हणणार. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्ही वाक्यं एकाच पांढऱ्या अक्षरात, एकाच भाषेत येतात, आणि मराठी-कन्नड दोन्ही न येणाऱ्याला भाषा बदलली याचा पत्ताच लागत नाही.

प्रत्येक ठिकाणी ते दाखवायची गरज नाही. पाहुण्याचं स्वागत कन्नडमध्ये झालं काय नि मराठीत झालं काय, प्रसंग तोच राहतो. पण एका ठिकाणी मुलगा कारकुनाशी अडखळत कन्नड बोलतो आणि कारकून हसून मराठीत उत्तर देतो. तो सगळा प्रसंगच भाषा बदलण्याचा आहे. तिथे वाक्याआधी चौकटी कंसात भाषेचं नाव टाकलं. मुलाच्या पहिल्या कन्नड वाक्याला एकदा, कारकुनाच्या मराठी उत्तराला एकदा, बस. प्रत्येक ओळीला टाकलं तर ती अक्षरंही वेगाच्या हिशेबात जातात.

कन्नडसाठी तिरकं अक्षर वापरावं असं काही जण सुचवतात. मला पटत नाही. फोनवरचा आवाज, पडद्याबाहेरचा आवाज आणि गाणं यांसाठी तिरकं अक्षर वापरायची जुनी रीत आहे. फेस्टिव्हलला नेहमी जाणारा प्रेक्षक ते बघून समोर बसलेल्या माणसाचा आवाज रेडिओवरून येतोय की काय असं धरेल.

गावाच्या नावाचा घोळ वेगळाच. इंग्रजीत बेळगावचं अधिकृत स्पेलिंग 1 नोव्हेंबर 2014 पासून Belgaum चं Belagavi झालं. फॉर्मवर पत्त्यात नवीन नाव जाणार यात प्रश्न नाही. पण पात्र तोंडानं स्वच्छ "बेळगाव" म्हणतं, आणि ऐकू येणाऱ्या नावापेक्षा वेगळं नाव खाली उमटलं की मराठी न येणाऱ्यालासुद्धा ते खटकतं. आम्ही संवादात जुनं इंग्रजी नाव ठेवलं, श्रेयनामावलीत नवीन. तुम्ही उलटही करू शकता. फक्त काम सुरू करण्याआधी दिग्दर्शकाकडून ठरवून घ्या आणि शेवटी शोधून बघा, कारण माझ्या पहिल्या मसुद्यात दोन्ही स्पेलिंग एकाच प्रसंगात सापडली होती.

स्थानिक खेळासाठी कुणी कन्नड किंवा मराठी सबटायटल मागितलं तर वरचे आकडे तसेच लावू नका. सॉफ्टवेअर वेलांटी, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजतं. "स्क्रीन" हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा, पण मोजणीत सात. त्यामुळे ओळ लाल दिसली तरी ती प्रत्यक्षात वाचायला सोपी असू शकते. तिथे मोठ्यानं न वाचता डोळ्यांनी वाचून घड्याळ लावणं, एवढाच भरवशाचा मार्ग आहे.

मराठी न येणारा माणूस शोधा

आपण स्वतः तपासलं तर सगळं वेळेत वाचून होतं, कारण आपण वाचतच नसतो, ऐकत असतो. आमच्या गावात हा प्रश्न सोपा आहे. मराठी अजिबात न कळणारी, कन्नड शाळेतून आलेली, कॉलेजात इंग्रजी वाचणारी मुलं सहज मिळतात. अशा दोघांना बसवलं, आवाज चालू ठेवला, आणि सांगितलं की थांबवायचं नाही, वाचायचं राहिलं की फक्त हात वर करायचा. मी मागे बसून वेळ लिहीत होतो. 22 मिनिटांत चौदा वेळा हात वर झाले. त्यातले नऊ प्रसंग 15 च्या आतलेच होते, पण त्या वेळी पडद्यावर दुसरं काहीतरी वाचण्यासारखं होतं: दुकानाची पाटी, मोबाइलवरचा मेसेज, एकदा नुसतंच चेहऱ्यावर येणारं पाणी. अशा ठिकाणी 12 वर उतरावं लागतं. आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

फाइल देताना

निवडीसाठी पाठवायच्या लिंकमध्ये सबटायटल चित्रातच भाजून द्या. वेगळी फाइल जोडली तर ती बघणाऱ्यानं चालू केली नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. निवड झाल्यावर मात्र फेस्टिव्हल काय मागतं ते वाचा. काहींना स्वच्छ चित्र आणि वेगळी `.srt` लागते, काहींना सबटायटलसकट डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारं फिल्मचं डिजिटल पॅकेज. DCP-o-matic या फुकट सॉफ्टवेअरमध्ये `.srt` टाकून भाजलेल्या किंवा वेगळ्या सबटायटलचं, दोन्ही प्रकारचं डीसीपी करता येतं. देवनागरी किंवा कन्नड सबटायटल असेल तर थिएटरच्या मशीनवर जोडाक्षरं मोडायची भीती असते, म्हणून ते चित्रात भाजलेलं बरं. इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीच्या जागी `â€™` असं काही दिसलं तर फाइल UTF-8 म्हणून वाचली गेलेली नाही.

भाजताना अक्षरांना काळी किनार द्यायला विसरू नका. आमच्या फिल्ममध्ये मागावर पांढऱ्या सुताचा ताणा पसरलेला शॉट होता, आणि किनारीविना केलेल्या पहिल्या प्रतीत आईची चार वाक्यं त्या सुतात विरघळून गेली.

आता सुरुवातीला लिहून ठेवलेला फ्रेमचा आकडा काढा. `.srt` मध्ये फक्त वेळ असते, फ्रेम रेट नसतो. आमचा एडिट 25 चा होता. ज्यानं डीसीपी केलं त्यानं तो 24 वर नेताना प्रत्येक फ्रेम तशीच ठेवली, म्हणजे फिल्म थोडी मंद झाली. 22 मिनिटांची फिल्म 22 मिनिटं 55 सेकंदांची झाली, सबटायटल्स मात्र जुन्याच वेळेवर. पहिलं वाक्य जवळपास बरोबर होतं म्हणून कोणाला शंका आली नाही. शेवटी आई बोलायच्या पाऊण मिनिटाहून आधी तिचं वाक्य खाली आलं. हिशेब असा:

```
नवी वेळ = जुनी वेळ × 25 ÷ 24
20:00 × 25 ÷ 24 = 20:50
```

Subtitle Edit मध्ये `Synchronization` मेनूत `Change frame rate...` आहे, तिथे 25 आणि 24 भरले की सगळ्या वेळा एकदम बदलतात. पण आधी नव्या फाइलची लांबी बघा. रूपांतर करणाऱ्यानं लांबी तीच ठेवली असेल तर काहीच बदलायचं नसतं, आणि बदललंत तर उलट बिघडतं. 23.976 आणि 24 मधला फरक जास्त फसवा असतो. 22 मिनिटांत तो सव्वा सेकंदाच्या आसपास, म्हणजे नीट न बघणाऱ्याला चालून जाईल इतका. 110 मिनिटांच्या फिल्मला मात्र शेवटी साडेसहा सेकंद सुटतात.

रोग ओळखायला तीन सबटायटल्स पुरतात: पहिलं, मधलं आणि शेवटचं. तिन्ही ठिकाणी चूक सारखीच असेल, समजा आठ सेकंद, तर शून्याची भानगड आहे, सुरुवातीला कुणीतरी काउंटडाउन जोडलाय. ते `Adjust all times (show earlier/later)...` मधून एका फटक्यात सरकवता येतं. सुरुवातीला थोडी आणि शेवटी जास्त असेल तर फ्रेम रेट. आणि मधल्या एका ठिकाणापर्यंत सगळं बरोबर, तिथून पुढे सगळं सारखंच चुकलेलं असेल, तर दिग्दर्शकाला फोन करून विचारा की लॉक झालेल्या एडिटमधून त्यानं नक्की कुठला शॉट कापला.

आमच्या दिग्दर्शकानं अकराव्या मिनिटाला कुंद्याच्या दुकानाचा कापला होता.